महिन्याला ८० तास: पार्ट-टाइम माणसाचं वेळापत्रक कसं बसवायचं

पार्ट-टाइम माणूस ठेवताना बोलणं साधारण असं होतं: "महिन्याला ८० तास यायचं, म्हणजे आठवड्याला २०." दोघंही मान डोलावतात आणि हिशोब तिथेच बिघडतो. नेमका चार आठवड्यांचा महिना एकच, फेब्रुवारी, आणि तोही लीप वर्ष नसेल तर. बाकी प्रत्येक महिन्यात चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस असतात.

हे दोन-तीन दिवस किरकोळ वाटतात, पण वर्षाचा हिशोब मांडून बघा. आठवड्याला २० तास धरले तर ५२ आठवड्यांचे १०४० तास होतात. महिन्याला ८० धरले तर बारा महिन्यांचे ९६०. फरक बरोबर ८० तासांचा. पगार महिन्याच्या ८० तासांवर ठरला असेल आणि माणूस इमानदारीने दर आठवड्याला २० तास भरत असेल, तर वर्षात अख्ख्या एका महिन्याचं काम फुकट झालं. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं, म्हणून ते लक्षातही येत नाही.

खरी सरासरी काढायची तर ९६० भागिले ५२, म्हणजे आठवड्याला साडेअठराच्या जवळपास. पण हा आकडाही नुसता मनाशी धरण्यापुरता आहे. साडेअठरा तासांचा आठवडा कुणी भरत नाही, माणूस चार-चार तासांच्या शिफ्ट भरतो. महिना सोमवारी सुरू होत नाही, मधे सण येतात, कुणाची परीक्षा येते. म्हणून आठवड्यापासून सुरुवात न करता तारखांपासून करायची. आधी महिन्यात किती तास मावतात ते मोजायचं, मग त्यात ८० बसतात का ते बघायचं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा पुण्यात सदाशिव पेठेत औषधांचं दुकान आहे. बिलिंगला आणि आलेला माल लावायला कॉलेजमधली एक मुलगी पार्ट-टाइम येते. ठरलेले तास महिन्याला ८०. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, म्हणजे चार तास. शनिवारी सकाळी १० ते दुपारी साडेचार, मधे अर्धा तास जेवणाची सुट्टी, म्हणजे सहा तास. बुधवारी तिचं प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालतं, त्यामुळे ती येत नाही. रविवारी दुकान १० ते २ उघडं असतं, पण एरवी तिला सुट्टी.

अशा भरलेल्या आठवड्याचे २२ तास होतात. मालकाला वाटतं, "चार आठवड्यांचे ८८ झाले, ८० सहज बसतील." आता महिना घेऊ सप्टेंबर २०२६.

१ तारीख मंगळवारी आहे. ३० दिवसांच्या महिन्यात दोन वार पाच वेळा येतात आणि ३१ दिवसांच्या महिन्यात तीन. कुठले वार पाचदा आलेत ते सगळ्यात आधी बघावं, कारण महिना सढळ आहे की तंग, याचा पहिला अंदाज तिथेच येतो. शनिवार पाचदा आला तर सहा तासांची एक शिफ्ट आयती मिळते. या सप्टेंबरमध्ये मंगळवार आणि बुधवार पाचदा आलेत. बुधवारी ती येतच नाही, म्हणजे त्या जादा बुधवाराचा काही उपयोग नाही.

आता मोजू. सोमवार चार, मंगळवार पाच, गुरुवार चार, शुक्रवार चार: सतरा संध्याकाळी, त्यांचे ६८ तास. चार शनिवारांचे २४. एकूण ९२. इथवर सगळं छान दिसतं.

पण सोमवारी १४ तारखेला गणेश चतुर्थी आहे आणि मुलगी चिपळूणची. "काका, बाराला सकाळच्या एसटीने निघते. आमचा दीड दिवसाचा असतो, पंधराला विसर्जन झालं की रात्रीच्या गाडीने परत." बारा तारखेचा शनिवार गेला, सहा तास. सोमवार आणि मंगळवार मिळून आठ गेले. ९२ चे ७८ झाले. म्हणजे ८० च्या खाली आपण आत्ताच आलोत, आणि गणपती अजून गावातच आहेत.

शुक्रवारी २५ तारखेला अनंत चतुर्दशी. मिरवणुकीच्या दिवशी पेठांमधलं दुकान संध्याकाळी उघडं ठेवण्यात अर्थ नाही, म्हणजे आणखी चार गेले. पुण्याची मिरवणूक त्याच दिवशी संपत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चालू असल्याचं पुणेकरांनी कित्येकदा पाहिलंय. म्हणून २६ च्या शनिवारी सकाळची शिफ्ट धरायची नाही. त्या दिवशी फक्त संध्याकाळची चार तासांची धरायची, म्हणजे आणखी दोन गेले.

उरले ७२ तास. दर आठवड्याला २२ तास येणारी मुलगी या महिन्यात नेहमीच्या शिफ्टमध्ये ८० गाठूच शकत नाही. आठ तास कमी पडतात.

या आठ तासांचा साधा प्रश्न असा, की ते कधी कळतात? ३१ ऑगस्टला कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलं तर पंधरा मिनिटांत कळतात. नाही बसलं तर २८ सप्टेंबरला कळतात, जेव्हा हातात फक्त तीन दिवस उरलेले असतात आणि त्यातला एक बुधवार असतो. मग रोज सहा-सहा तास बसवायचे, नाहीतर पगार कापायचा, नाहीतर "जाऊ दे" म्हणायचं. तिन्ही प्रकारांत कुणाचं तरी तोंड वाकडं होतं.

आता हे आठ तास कुठे घालायचे? पहिला मोह असतो शेवटच्या आठवड्यात ढकलायचा. गावाहून आली, गणपती झाले, मग निवांत भरेल. हे टाळावं. शेवटच्या आठवड्यात घातलेला तास चुकला तर त्याच्यामागे पुन्हा जागा नसते. पहिल्या आठवड्यातला चुकला तर तो भरायला तीन आठवडे असतात. म्हणून जास्तीचे तास महिन्याच्या सुरुवातीला घालायचे आणि मोकळ्या जागा शेवटाकडे राखायच्या.

इथे ५ तारखेचा शनिवार सहावरून आठ तासांचा केला, म्हणजे १० ते साडेसहा. ६ तारखेच्या रविवारी १० ते २ तिला बोलावलं, चार तास. त्या आठवड्यात बुधवारची सुट्टी तिला मिळतेच आहे, त्यामुळे सलग सातही दिवस काम असं होत नाही. आणि १९ चा शनिवार आठ तासांचा केला. दोन, चार आणि दोन मिळून आठ झाले. आठवड्यांची वाटणी अशी दिसते:

| तारखा | शिफ्ट | तास | आतापर्यंत |
|---|---|---|---|
| १ ते ६ | मंगळ ४, गुरू ४, शुक्र ४, शनि ८, रवि ४ | २४ | २४ |
| ७ ते १३ | सोम ४, मंगळ ४, गुरू ४, शुक्र ४ | १६ | ४० |
| १४ ते २० | गुरू ४, शुक्र ४, शनि ८ | १६ | ५६ |
| २१ ते २७ | सोम ४, मंगळ ४, गुरू ४, शनि ४ | १६ | ७२ |
| २८ ते ३० | सोम ४, मंगळ ४ | ८ | ८० |

या तक्त्यात सगळ्यात कामाचा रकाना शेवटचा आहे. आठवड्याचे तास बघून काहीच कळत नाही, कारण २४ आणि ८ हे दोन्ही आठवडे आपापल्या जागी बरोबर आहेत. "या आठवड्यात सोळाच झाले, कमी झाले का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "२० तारखेच्या रात्री ५६ व्हायला हवे होते, किती झाले?" याला उत्तर आहे. दर रविवारी रात्री हा एकच आकडा ताडून बघायचा.

योजनेत तासांचा रतीब सारखा नाही, हे मुद्दाम केलंय. सारखं वाटलं असतं तर ६ तारखेपर्यंत १६ तास आले असते. आपण २४ घेतलेत. १३ पर्यंत पस्तीसच्या आत असते, आपले ४० आहेत. पुढच्या सुट्टीची किंमत आधीच भरून ठेवली आहे. २७ तारखेला मात्र दोन्ही हिशोब ७२ वर येऊन भेटतात.

आणि रिकाम्या ठेवलेल्या जागा? २० आणि २७ चे रविवार. दोन्ही मिळून आठ तास. त्या तिला १ तारखेलाच सांगून ठेवायच्या: "हे दोन रविवार बहुतेक तुझेच आहेत, पण नक्की होईपर्यंत दुसरं काही ठरवू नकोस." हे आधी सांगणं महत्त्वाचं. शनिवारी रात्री फोन करून रविवारी बोलावणं म्हणजे तिच्यावर उपकार मागणं, आणि असे उपकार फार दिवस चालत नाहीत.

आता बिघडवून बघू. १० आणि ११ तारखेला तिला ताप आला, दोन संध्याकाळी गेल्या. १३ च्या रात्री ४० ऐवजी ३२ च आहेत. घाबरून लगेच "रोज एक तास जास्त थांब" असं सांगण्याआधी दोन आकडे काढायचे. राहिलेले तास किती? ८० वजा ३२, म्हणजे ४८. पुढे ठरलेल्या शिफ्ट किती तासांच्या? सोळा, सोळा आणि आठ, म्हणजे ४०. फरक आठ, आणि राखलेल्या दोन रविवारांत नेमके आठच बसतात. काम भागलं. पण आता शिल्लक शून्य झाली, म्हणून २० चा रविवार लगेच पक्का करायचा. तो हातचा सोडून २७ वर भिस्त ठेवली तर पुन्हा सगळं शेवटच्या टोकाला येतं.

हेच २१ तारखेनंतर झालं असतं तर? गुरुवारी २४ ला आणि शनिवारी २६ ला ती आजारी पडली, तर २७ चा एक रविवार उरतो, म्हणजे फार तर चार तास भरतात. उरलेले चार भरायचा नाद सोडून द्यावा. ते पुढच्या महिन्यात नेणं शहाणपणाचं, त्याबद्दल शेवटी बोलू.

एक बारीक गोष्ट अजून राहिली. वरच्या तक्त्यातला पहिला आठवडा मंगळवारी सुरू झालेला दिसतो, पण माणसाचा आठवडा सोमवारी सुरू झालाय, ३१ ऑगस्टला. त्या संध्याकाळचे चार तास ऑगस्टच्या खात्यात जमा होतात. अंगावर मात्र ते याच आठवड्यात पडतात. म्हणजे तिचा खरा आठवडा २४ चा नसून २८ तासांचा झाला. महिन्याची बेरीज तारखेप्रमाणे करायची, पण दमणूक आणि सुट्टी बघायची ती सोमवार ते रविवार. दोन महिन्यांच्या सांध्यावरचा आठवडा दोन वेगवेगळ्या कागदांवर अर्धा-अर्धा दिसतो, म्हणून तो कायम नजरेतून सुटतो.

पुण्यात यावरून फार तर कुरकुर होईल. पण शिकायला ब्रिटनला गेलेल्या मुलामुलींना हा सांधा नीट समजायलाच हवा. तिथे विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्यांना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. आठवडा मोजतात तो सोमवार ते रविवार. सरासरी चालत नाही: या आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले, तर पहिल्या आठवड्यात अट मोडली गेली. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरतात. वरची आपली योजना तिथे जशीच्या तशी वापरली तर पहिल्याच आठवड्यात घोळ. तिथे मोजणीची सुरुवातच वेगळी करावी लागते. प्रत्येक आठवड्यात मावणारे तास लिहायचे आणि ते २० च्या वर गेले तर २० वर कापायचे, मगच बेरीज करायची. आणि ती बेरीज महिन्याच्या ठरलेल्या तासांपेक्षा कमी आली, तर तेवढे तास कबूलच करायचे नाहीत, व्यवस्थापक कितीही म्हणाला तरी.

आता तास मोजायचे कसे, हे. योजना उत्तम आणि नोंद ढिली असेल तर ८० तास झाले की नाही यावरच वाद होतो. साडेनऊला शटर अर्धं खाली येतं, पण गल्ला मोजून कुलूप लावेपर्यंत पावणेदहा होतात. रोजची दहा मिनिटं जरी धरली तरी अठरा शिफ्टमध्ये तीन तास होतात. वरच्या तक्त्यात अठराच शिफ्ट आहेत, मोजून बघा. ही मिनिटं कामात धरायची की नाही ते पहिल्याच दिवशी ठरवावं. माझं मत विचाराल तर धरावीत, कारण गल्ला मोजणं हेही कामच आहे. जेवणाचा अर्धा तास मात्र बाजूला काढावा. आणि नोंद रोजच्या रोज तिनेच करावी, मालकाने आठवड्याला सही करावी. महिनाअखेर आठवून लिहिलेली वही दोघांच्याही सोयीची असते, म्हणून ती दोघांनाही पटत नाही.

वही सोडून एक्सेल किंवा गुगल शीट वापरत असाल तर दोन खड्डे हमखास लागतात. पहिला: साडेचार तास म्हणून कुणी 4.30 लिहितं. संगणकाला ते चार तास आणि तासाचा तीनदशांश, म्हणजे अठरा मिनिटं, असं दिसतं. साडेचार लिहायचे तर 4.5 किंवा 4:30. दोन्हींतली एकच पद्धत धरा आणि महिनाभर तीच ठेवा. दुसरा खड्डा जास्त गमतीचा. 4:00, 8:00 असे वेळेच्या रूपात तास लिहून बेरीज केली की साधं घड्याळी रूप २४ तासांनंतर पुन्हा शून्यापासून मोजतं. ८० तासांतून २४ तीनदा वजा झाले की उरतात आठ, आणि महिनाभर राबलेल्या मुलीच्या नावापुढे 8:00 दिसतं. बेरजेच्या खान्याचं रूप बदललं की आकडा जागेवर येतो:

```
=SUM(D2:D31)
[h]:mm
```

पहिली ओळ सूत्र आहे. दुसरी त्या खान्याला नंबर फॉरमॅट म्हणून द्यायची. चौकटी कंसातला h म्हणजे तास २४ वर न थांबवता पुढे मोजत राहा. गुगल शीटमध्ये फॉरमॅटच्या यादीतून 'Duration' निवडलं तरी चालतं.

शेवटी राहिला तो न भरलेल्या तासांचा प्रश्न. समजा सगळं करूनही सप्टेंबर ७६ वर अडकला. आता ऑक्टोबर २०२६ मोजून बघा. तो गुरुवारी सुरू होतो, ३१ दिवसांचा आहे आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तिन्ही कामाचे वार पाचदा येतात. अठरा संध्याकाळींचे ७२ आणि पाच शनिवारांचे ३० मिळून १०२. मंगळवारी २० तारखेला दसरा आहे, त्याचे चार सोडले तरी ९८. तीच मुलगी, त्याच शिफ्ट, आणि सप्टेंबरमध्ये ७२ तर ऑक्टोबरमध्ये ९८ मावतात. सप्टेंबरचे चार तास इथे कुठेही बसतील.

म्हणून काम सुरू होतानाच एक ओळ लिहून घ्यावी: महिन्याला चार तासांपर्यंत कमी-जास्त झालं तर ते पुढच्या महिन्यात वळते होतील, पगार ८० चाच राहील, आणि पुढच्या महिनाअखेरपर्यंत हिशोब शून्यावर येईल. मर्यादा एका शिफ्टएवढीच ठेवावी. ती मोकळी सोडली तर दोन-तीन महिन्यांत पंधरा-वीस तासांचं उधार साठतं आणि ते कुणाकडे निघतं हेच कळेनासं होतं. पगार तासावर असेल तर ही ओळ लागत नाही, जेवढे तास तेवढे पैसे. पण मग सप्टेंबरमध्ये तिच्या हातात कमी पैसे येणार हे तिला ऑगस्टमध्येच सांगायला हवं, कारण मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे गणपती बघून कमी होत नाहीत.